एक जमा, एक खर्च: अॅरेची मांडणी करताना क्रम का बिघडतो?

मी माझ्या फोनवर वापरायला हिशेबाचं एक छोटं अॅप लिहीत होतो. स्क्रीनवर दोन रकाने हवे होते, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च. ग्रिड भरताना आकडे डावीकडून उजवीकडे एकेक करून बसतात. म्हणजे मला अॅरेमध्ये आधी एक जमा, मग एक खर्च, पुन्हा जमा, पुन्हा खर्च अशी मांडणी हवी होती. जमा रक्कम धन, खर्चाची रक्कम ऋण.

अट एकच होती, पण तीच महत्त्वाची. जे पैसे आधी आले ते आधी दिसले पाहिजेत, आणि जो खर्च आधी झाला तो आधी. कारण इथे क्रम म्हणजेच वेळ. तो बिघडला की आकडे बरोबर असूनही हिशेब खोटा होतो.

माझा पहिला प्रयत्न

मी विचार केला, यात काय अवघड आहे? इंडेक्स 0 पासून मोजायचं. सम इंडेक्सवर धन आकडा हवा, विषम इंडेक्सवर ऋण. एखाद्या जागी चुकीच्या चिन्हाचा आकडा दिसला, तर पुढे जाऊन हव्या त्या चिन्हाचा पहिला आकडा शोधायचा आणि दोघांची अदलाबदल करायची. म्हणजेच स्वॅप.

तपासायला हा अॅरे घेतला:

```
[500, 800, -300, 200, -700, -100]
```

इंडेक्स 1 वर 800 आहे, तिथे ऋण हवं. पुढचा ऋण आकडा -300, अगदी शेजारीच. स्वॅप केलं. मग इंडेक्स 3 वर 200 आला, त्याच्या शेजारी -700. पुन्हा स्वॅप. उत्तर आलं:

```
[500, -300, 800, -700, 200, -100]
```

एकदम बरोबर! मी खूश होऊन कोड तसाच ठेवला. दोन दिवसांनी स्क्रीनवर 200 रुपये 800 च्या आधी आलेले दिसले, आणि मी डोकं धरून बसलो.

गडबड कुठे झाली?

त्या दिवशी आकडे असे होते:

```
[500, 800, 200, -300, -700, -100]
```

आता हाताने करून बघू. इंडेक्स 1 वर 800 आहे, पण हवं ऋण. पुढचा ऋण आकडा आहे -300, इंडेक्स 3 वर. स्वॅप केल्यावर:

```
[500, -300, 200, 800, -700, -100]
```

इथेच घोळ झाला. 800 उडी मारून 200 च्या पलीकडे गेला. पुढे इंडेक्स 3 वरच्या 800 ची -700 शी अदलाबदल होते आणि शेवटी मिळतं:

```
[500, -300, 200, -700, 800, -100]
```

चिन्हं बघाल तर सगळं नीट आहे, धन-ऋण-धन-ऋण. पण जमा रकमा 500, 800, 200 ऐवजी 500, 200, 800 झाल्या. पहिल्या वेळी प्रत्येक स्वॅप शेजारच्या आकड्याशी झाला, मध्ये कोणी नव्हतं, म्हणून माझा कोड नशिबाने वाचला. मध्ये एखादा आकडा असला की स्वॅप त्याला ओलांडून जातो.

ओलांडायचं नाही, सरकायचं

बसच्या रांगेतला कोणी पुढे आला, तर मधले सगळे एकेक पाऊल मागे सरकतात. पहिला माणूस थेट त्याच्या जागी जाऊन उभा राहत नाही. अॅरेतही तसंच करता येतं. -300 उचलून इंडेक्स 1 वर ठेवायचा आणि 800, 200 या दोघांना एकेक घर उजवीकडे सरकवायचं. याला रोटेशन म्हणतात.

```
[500, -300, 800, 200, -700, -100]
```

आता इंडेक्स 3 वरच्या 200 च्या जागी -700 आणायचा, 200 एक घर सरकेल, की उत्तर तयार. क्रमही शाबूत.

या पद्धतीला वेगळी जागा लागत नाही, पण सरकवासरकव खूप होते. समजा एक लाख आकडे आहेत, पहिले 50 हजार धन आणि नंतरचे 50 हजार ऋण. पहिल्या ऋण आकड्यासाठी 49,999 आकडे सरकवावे लागतात, पुढच्यासाठी 49,998, असं करत एकूण जवळपास 125 कोटी वेळा. फोनवर हे काम सुरू झालं की अॅप अडकल्यासारखं वाटणार.

मग मी काय केलं?

दुसरा रिकामा अॅरे घेतला. सोबत दोन खुणा ठेवल्या. `p` पुढच्या सम जागेवर, `n` पुढच्या विषम जागेवर. मूळ अॅरे एकदाच वाचायचा आणि प्रत्येक आकडा त्याच्या खुणेवर ठेवून खूण दोन घरं पुढे न्यायची.

```python
def mandani(a):
    out = [0] * len(a)
    p, n = 0, 1
    for x in a:
        if x > 0:
            out[p] = x
            p += 2
        else:
            out[n] = x
            n += 2
    return out
```

क्रम का टिकतो, ते बघा. आपण मूळ अॅरे सुरुवातीपासून वाचतो आणि `p` कधीच मागे येत नाही. त्यामुळे आधी वाचलेला धन आकडा आधीच्याच जागी बसतो. ऋण आकड्यांचंही तेच. एक लाख आकड्यांसाठी लूप एक लाख वेळाच फिरतो. दुसऱ्या अॅरेला जागा लागते खरी, पण चार बाइटचा एक आकडा धरला तर ती चार लाख बाइट, म्हणजे एखाद्या लहानशा फोटोएवढी.

हा कोड कधी कोसळतो?

धन आणि ऋण आकडे समान संख्येने असतील, किंवा धन आकडे फक्त एकाने जास्त असतील, तरच वरचा कोड चालतो. चार जमा आणि दोन खर्च असतील, तर चौथ्या जमेला `p` होतो 6, आणि सहा घरांच्या अॅरेत शेवटचा इंडेक्स असतो 5. मग `IndexError` येतो. खऱ्या हिशेबात तर संख्या समान असणं हा योगायोगच.

म्हणून मी आता धन आणि ऋण आधी दोन वेगळ्या यादीत काढतो, जोड्या जुळतात तिथवर आलटून पालटून लावतो, आणि उरलेले शेवटी तसेच जोडतो:

```python
def mandani(a):
    pos = [x for x in a if x >= 0]
    neg = [x for x in a if x < 0]
    k = min(len(pos), len(neg))
    out = []
    for i in range(k):
        out += [pos[i], neg[i]]
    return out + pos[k:] + neg[k:]
```

यात `>=` मुद्दाम आहे. शून्य धनही नाही, ऋणही नाही. दोन्हीकडे `>` आणि `<` लिहिलं तर शून्याची नोंद गुपचूप गायब होते आणि कुठलाही एरर येत नाही. मी शून्याला जमेच्या बाजूला बसवलं. तुम्ही दुसरीकडे बसवा, पण ठरवून बसवा.

शेवटी तपासणीबद्दल. माझी चूक अशी की मी फक्त चिन्हं बघितली. आता उत्तरातले धन आकडे वेगळे काढून मूळ अॅरेतल्या धन आकड्यांशी ताडून बघतो, मग ऋण आकडे. आणि चाचणीला एक अॅरे असा ठेवतोच, ज्यात सगळे धन आधी आणि सगळे ऋण नंतर. तुमचा स्वॅपवाला कोड असेल तर आधी त्याच्यावर चालवून बघा.