कपडे उलटे करून पाहताना

माणूस गेल्यावर त्याचं कपाट आवरायचं काम आपल्याकडे बहुतेक वेळा एका दुपारी उरकलं जातं. तेरावं झालेलं असतं, पाहुणे परतीच्या तयारीत असतात आणि कुणीतरी म्हणतं, आता कपड्यांचंही बघून घ्या. मग धडके कपडे आश्रमाला, जुने बोहारणीला, अगदी विटलेले पुसायला, अशी तीन गाठोडी बांधली जातात. या विभागणीत एकच प्रश्न असतो: कपडा अजून वापरता येईल का? तो कसा वापरला गेला, हे पाहायला कुणाला सवड नसते.

अण्णांचं कपाट आवरायला मी बसलो तेव्हा मदतीला आमच्या गल्लीतले शिंपीकाका होते. अण्णा एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात झाली. घरी बोलणं बेताचंच. शिंपीकाकांनी पहिलाच शर्ट हातात घेतला आणि उलटा केला. म्हणाले, "सुलट बाजू लोकांना दाखवायची असते रे. कापडाचं काय झालंय ते आतून बघायचं."

तो शर्ट खाकी, टेरिकॉटचा. टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचं मिश्रण. त्यात साधारण दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग सूत असतं. दोन्ही तंतू सारखे झिजत नाहीत. सतत घासलं गेलं की सुती तंतू आधी तुटून गळतात, चिवट पॉलिएस्टर मागे राहतं. दोघांनी रंग कमीजास्त धरलेला असल्याने घासल्या गेलेल्या जागी कापड पांढुरकं आणि विरळ दिसू लागतं. उन्हाने उडालेला रंग वेगळा ओळखू येतो. ऊन लागलं तर अख्खी पाठ किंवा दोन्ही खांदे सारखेच फिकट होतात, आणि कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणाखाली मूळ रंग शाबूत राहतो. घासल्याची खूण मात्र जेमतेम तेवढ्याच जागेपुरती असते, तिला कडा असतात.

अण्णांच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर असा दोनेक बोटं रुंद पट्टा होता. डाव्या कमरेपाशी, शर्ट खोचतात त्याच्या जरा वर, तळहाताएवढा दुसरा डाग. दोन्ही जोडले की चामडी बॅगेचा पट्टा डोळ्यांपुढे येतो: उजव्या खांद्यावरून छातीवर तिरपा, आणि डाव्या बाजूला सुट्ट्या पैशांनी जड झालेली बॅग. तिसरी खूण मला एकट्याला दिसली नसती. डाव्या बाहीची आतली बाजू आणि तिच्यासमोरची बरगडीवरची शिवण, दोन्ही गुळगुळीत झाली होती. तिकीट देणारी यंत्रं येण्याआधी कंडक्टर तिकिटांच्या गड्ड्यांचा ट्रे डाव्या हाताने अंगाशी धरत आणि उजव्या हातातल्या पंचने तिकिटाला भोक पाडत. गर्दीत दांडा धरायला हात मोकळा नसे, त्यामुळे तो ट्रे काखेत आवळून धरावा लागे. डाव्या खिशावर बिल्ल्याच्या पिनेची भोकं एकाशेजारी एक पडली होती. सुती कापडात अशी भोकं धुतल्यावर बरीच मिटतात. पॉलिएस्टरच्या मिश्रणात ती तशीच राहतात, म्हणून टेरिकॉटवर सगळा जुना हिशेब टिकतो.

याच शर्टाच्या कॉलरने मला सर्वांत जास्त थांबवलं. कॉलर जिथे पट्टीला जोडलेली असते, त्या आतल्या खाचेत काळे, कोरडे कण अडकले होते. शाई असती तर ती धाग्यात पसरली असती आणि धुऊन जांभळट झाली असती. वंगण असतं तर डागाभोवती तेलकट पिवळं वर्तुळ उठलं असतं. हे कण मात्र सुईच्या टोकाने सुटे होत होते आणि खालचं कापड डागाळलेलं नव्हतं. तो बुक्का होता. बुक्का म्हणजे कोळशाची सुगंधी पूड. ती कापडाला रंगवत नाही, विणीत नुसती अडकून बसते. कपाळावर लावलेला बुक्का घामाबरोबर उतरतो आणि मानेशी कॉलरच्या घडीत जमतो. तिथे ना साबण नीट पोचतो, ना ब्रश.

अण्णा माळकरी नव्हते आणि वारीला गेल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पण आषाढीला एसटी पंढरपूरसाठी हजारो जादा गाड्या सोडते, आणि त्या चालवायला ठिकठिकाणच्या आगारांतून चालक-वाहक पाठवले जातात. आषाढात ते काही दिवस घरी नसत. आम्ही त्याला "यात्रेची ड्युटी" म्हणायचो आणि पुढे काही विचारायचो नाही. गाडीत चढणारा वारकरी तिकीट घेता घेता कंडक्टरच्या कपाळालाही बुक्का लावतो. तसं झालं असेल, किंवा ड्युटी संपल्यावर ते स्वतः रांगेत उभे राहिले असतील. यांपैकी काय घडलं हे कॉलरवरून ठरवता येत नाही. बुक्का खाकीवर आहे, पांढऱ्या सदऱ्यावर नाही, एवढंच तिच्यावरून खात्रीने सांगता येतं.

खालच्या कप्प्यात तपकिरी स्वेटर होता आणि त्याच्याबरोबर एक लोकरी मफलर. मफलरची चाळण झाली होती, स्वेटरला मात्र किडीचं एकही भोक नव्हतं. लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना प्राण्यांच्या केसातलं प्रथिन पचतं. स्वेटर ॲक्रिलिकचा असल्याने त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्याच्यावर दुसरी भोकं होती. छातीवर आणि उजव्या बाहीवर, ज्वारीच्या दाण्याहून लहान, विखुरलेली, आणि प्रत्येकाच्या कडेला टणक काळा मणी. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि मागे राहणारी काजळी बोटाने चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून जळतं आणि गार झाल्यावर घट्ट गुठळी राहते. विडी-सिगारेट पडली असती तर एखादंच मोठं, गोल भोक पडलं असतं. असे पुष्कळ बारीक चटके शेकोटीच्या ठिणग्यांचे असतात.

शेकोटी म्हटल्यावर मुक्कामाची गाडी आठवली. संध्याकाळची शेवटची एसटी गावात जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून निघते. चालक आणि वाहक गाडीतच झोपतात, किंवा देवळात, शाळेच्या ओसरीवर. पाटणच्या डोंगरातल्या गावांत थंडीच्या दिवसांत गाडीच्या पत्र्याला हात लावला तरी झोंबतो. गावातली माणसं शेकोटी करतात, तालुक्याच्या बातम्या विचारतात, सकाळी कुणाला दवाखान्यात न्यायचंय ते सांगून ठेवतात. अण्णांच्या कितीतरी रात्री अशा गेल्या असणार. घरी न बोलणारा माणूस तिथे बोलत असेल का, याचं उत्तर स्वेटर देत नाही.

सगळ्यांत गुंतागुंतीची निघाली ती लग्नाच्या सुटाची पॅन्ट. लग्न सत्तरच्या दशकातलं, तेव्हा बेलबॉटमचे दिवस होते. फोटोत पॅन्टची मोहरी बूट झाकतेय. हातातली पॅन्ट मात्र सरळ. शिंपीकाकांनी बाजूची शिवण उलटवली. आत कापडाचा रुंद दाब होता आणि त्यावर जुन्या टाक्यांच्या भोकांची तिरपी रेघ खालपर्यंत उतरत गेलेली. त्यांनी टेप लावला: मोहरी चोवीस इंचांवरून अठरावर आणलेली. फॅशन बदलली की असं करून घेत, त्यात नवल नाही. मग कंबर पाहिली. मागची शिवण आत घेतलेली. बत्तीसची तीस झालेली. माणूस वाळतो, आजारी पडतो, तेही समजण्यासारखं.

शेवटी त्यांनी खालची दुमड पाहिली. पॅन्टच्या तळाशी जुन्या घडीची एक गडद रेघ होती आणि कापड तिच्याखाली दीड इंच सोडलेलं. शिंपीकाका म्हणाले, "कंबर कमी झाली, हे होतं. पण लग्न झाल्यावर माणूस उंच होत नाही. ही पॅन्ट दुसऱ्या कुणीतरी घातलीय." तिन्ही बदल एकाच रंगाच्या दोऱ्याने, एकाच मापाच्या टाक्यांनी केलेले होते, म्हणजे एकाच वेळी आणि एकाच माणसासाठी.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या काकांच्या मुलाखतीला दिली होती. त्यांच्याकडं धड पॅन्ट नव्हती. हे म्हणाले, माझं लग्न झालंय, आता त्याचं होऊ दे." काका अण्णांपेक्षा बारीक आणि बरेच उंच. नोकरी लागल्यावर त्यांनी पॅन्ट धुऊन, इस्त्री करून परत आणून दिली. अण्णांना ती पुन्हा कधी झाली नाही, तरी कपाटातून हलली नाही.

आई बोलली म्हणून पॅन्टचा उलगडा झाला. शिवणीवरून आम्हाला "दुसरा कुणीतरी" इथपर्यंतच जाता आलं होतं. कपड्यांची ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. शरीराने काय केलं, काय वाहिलं, कुठे घासलं गेलं, हे त्यांच्यात उतरतं. मनात काय होतं ते उतरत नाही. शिवाय उधार दिलेले, आहेरात आलेले, धाकट्याला गेलेले कपडे एका माणसाचे नसतातच. म्हणून घरात माहीतगार माणूस असेल तर गाठोडं बांधण्याआधी त्याला शेजारी बसवावं.

काय ठेवायचं हे ठरलं की पुढचं काम सोपं आहे. ठेवायचे सुती आणि टेरिकॉटचे कपडे धुताना खळ घालू नये, कारण कसर खळीवर जगते. पूर्ण वाळवून जुन्या, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावेत. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू न देता पुरचुंडीत ठेवाव्यात. वर्षातून एकदा बाहेर काढून घड्या वेगळ्या जागी घालाव्यात, नाहीतर त्याच रेघेवर कापड विरतं. ज्या कपड्यावर खूण आहे तो मात्र धुऊ नये, मऊ ब्रशने धूळ तेवढी झटकावी. गणवेश बाहेर द्यायचा असेल तर बिल्ला, नावाची पट्टी आणि खुणेची बटणं आधी काढून घ्यावीत, कारण बोहारणीकडचे कपडे पुढे दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात.

आम्ही तीन कपडे ठेवले, बाकीचे दिले. प्रत्येकाला पांढऱ्या नाडीचा तुकडा टाचून त्यावर पेन्सिलीने लिहिलं. पॅन्टवर: "लग्नाची. नंतर काकांसाठी लांब केली. आईने सांगितलं." स्वेटरवर: "शेकोटीचे चटके. मुक्कामाची गाडी असावी." शर्टावर: "बुक्का. यात्रेची ड्युटी, आपला अंदाज." पुढे कुणी हे कपाट उघडलं, तर यातलं ऐकलेलं किती आणि आम्ही जुळवलेलं किती, हे त्याला वेगळं करता यावं.