अ‍ॅलीनमधला मधला कार्बन

दुहेरी बंध दिसला की कार्बनचे संकरण sp² असे लिहून मोकळे होण्याची सवय अ‍ॅलीनपाशी (CH₂=C=CH₂) हमखास फसते. संकरण, म्हणजे अणूच्या s व p ऑर्बिटलांचे मिश्रण, ठरवताना त्या अणूचे सिग्मा बंध आणि एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या एवढेच मोजतात. पाय बंध असंकरित p ऑर्बिटलांच्या बाजूबाजूच्या आच्छादनातून घडत असल्याने तो हिशेबात धरत नाहीत. प्रत्येक दुहेरी बंधात एक सिग्मा व एक पाय बंध असतो, त्यामुळे दोनच सिग्मा बंध असलेला मधला कार्बन sp, तर तीन असलेले टोकांचे कार्बन sp² ठरतात. एकूण सिग्मा बंध ६ (चार C–H, दोन C–C) आणि पाय बंध २ भरतात. हे दोन पाय बंध परस्परांशी काटकोनात असल्याने टोकांच्या CH₂ गटांची प्रतलेही एकमेकांना लंब असतात.