सभेपूर्वीच अर्धे इतिवृत्त

जिल्हा शाखेचे कार्यवाहपद माझ्याकडे असतानाची गोष्ट आहे. जुलैमधील कार्यकारिणीच्या सभेत कोषाध्यक्षांनी परगावी स्थलांतर करीत असल्यामुळे राजीनामा दिला. त्याच सभेत त्यांच्या जागी नवीन कोषाध्यक्षांची निवड झाली आणि बँकेतील सह्यांचे अधिकार बदलण्याचेही ठरले. मी नेहमीप्रमाणे एका चिठ्ठीवर टिपणे घेतली. पावसाळ्यात दवाखान्यात रुग्णांची गर्दी असते. इतिवृत्त लिहिणे आज-उद्यावर जात राहिले आणि अखेर ऑगस्टअखेरच्या पुढील सभेच्या आदल्या रात्री मी ते लिहावयास बसलो. सहीच्या विषयाखाली मी लिहिले : ‘बँक खात्याच्या सह्यांबाबत चर्चा होऊन योग्य ते बदल करण्याचे ठरले.’

या ठरावाची नक्कल बँकेने परत केली. जुना अधिकार कोणत्या तारखेपासून रद्द, नवीन अधिकार कोणास, सही एकट्याची की संयुक्त, असे तीन साधे प्रश्न बँकेने विचारले होते. माझ्या चिठ्ठीत त्यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. उपस्थित सभासदांना विचारले, तर तिघांनी तीन प्रकारे सांगितले. सभासद औषधनिर्मात्यांच्या कच्च्या द्रव्यांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवावयाचे होते, त्यांच्या शुल्काचा धनादेश तेवढ्यासाठी अडला. शिवाय पदाधिकारी बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे त्या बदलाचा अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे सादर करावा लागतो, आणि त्यास इतिवृत्ताची नक्कल जोडावी लागते. त्या 90 दिवसांतील जवळजवळ सात आठवडे माझ्या चिठ्ठीतच गेले होते.

सह्यांचा विषय सप्टेंबरमध्ये पुन्हा सभेपुढे आणावा लागला. त्या सभेपासून मी इतिवृत्त लिहिण्याची रीत बदलली. विषयपत्रिका हाती घेऊन सभेपूर्वीच इतिवृत्ताचा आराखडा लिहावयाचा, सभेत त्यातील रिकाम्या जागा भरावयाच्या आणि त्याच रात्री तो पूर्ण करावयाचा, अशी ही रीत आहे.

आराखड्यात काय लिहावे, काय लिहू नये

सभेच्या तीन दिवस आधी विषयपत्रिका समोर ठेवून प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र अर्धे पान घ्यावे. संस्थेचे नाव, सभेचा प्रकार, दिनांक, वेळ, स्थळ, नोटिशीचा दिनांक, कार्यकारिणीच्या सर्व सदस्यांची नावे आणि मागील सभेचा दिनांक या गोष्टी आधीच निश्चित असतात. त्या पूर्णपणे लिहून टाकाव्यात. प्रत्येक विषयाचा क्रमांक व शीर्षक विषयपत्रिकेतील शब्दांतच उतरावे, आणि त्याखाली विषय का आला हे एका वाक्यात नमूद करावे. एवढे झाले की इतिवृत्ताचा निम्मा भाग सभेपूर्वीच तयार होतो.

उरलेला निम्मा भाग सभेचा असतो आणि तो कोराच ठेवावयाचा असतो. उपस्थितांची संख्या, गणपूर्ती झाल्याची वेळ, सूचक, अनुमोदक, रक्कम, मुदत, जबाबदार व्यक्ती आणि निर्णय यांच्या जागी फक्त रेघ ओढावी. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आराखड्यात आधी लिहून ठेवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. आधी लिहिलेले शब्द घाईत तसेच राहतात, आणि न झालेले एकमत वहीत कायमचे नोंदले जाते. रुग्ण येण्यापूर्वी रुग्णपत्रिकेवर त्याचे नाव, वय व तक्रारींचे रकाने आपण छापून ठेवतो. नाडी मात्र रुग्ण समोर बसल्यावरच लिहितो.

हा आराखडा सुट्या कागदावर किंवा संगणकावर करावा, इतिवृत्ताच्या बांधीव वहीत कधीही करू नये. वहीत सोडलेली कोरी जागा पुढे कोणीही भरू शकतो. ती भरली गेली नाही, तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका राहतेच.

आराखडा विषयपत्रिकेची परीक्षा घेतो

सप्टेंबरच्या सभेसाठी मी सह्यांच्या विषयाचा आराखडा लिहावयास घेतला, तेव्हा विषयपत्रिकेत ‘बँक खात्याबाबत विचार करणे’ एवढेच शब्द होते. त्यावरून ठरावाचे वाक्य तयार होईना. ते पुढीलप्रमाणे लिहिले, तेव्हा काय कमी आहे हे दिसू लागले :

‘संस्थेच्या ____ बँकेतील बचत खाते क्र. ____ वरील मावळत्या कोषाध्यक्षांचा सहीचा अधिकार दि. ____ पासून रद्द करण्यात येत आहे. यापुढे सदर खात्याचा व्यवहार अध्यक्ष, कार्यवाह व कोषाध्यक्ष यांपैकी ____ यांच्या संयुक्त सहीने करण्यात यावा. सूचक : ____ अनुमोदक : ____ निर्णय : ____’

बँकेचे नाव व खाते क्रमांक त्याच दिवशी पासबुकावरून भरून घेतले. राजीनाम्याचे मूळ पत्र माझ्या धारिकेत नव्हते, ते मागवून घेतले. मधल्या काळात रिक्त झालेले पद भरण्याचा अधिकार कार्यकारिणीस आहे की सर्वसाधारण सभेस, हे संस्थेच्या घटनेत पाहिले. आमच्या घटनेत तो कार्यकारिणीस होता, म्हणून जुलैची निवड योग्य ठरली. तो नसता, तर सह्यांचा विषय घेण्यापूर्वी तो दोष दूर करावा लागला असता. सभा सुरू झाल्यावर ही कागदपत्रे शोधणे शक्य नसते. ज्या विषयाचे ठरावाचे वाक्य सभेपूर्वी लिहिता येत नाही, तो विषय सभेत चर्चा होऊनही बहुधा निर्णयावाचून राहतो. अशा विषयाच्या बाबतीत अध्यक्षांशी आधीच बोलून त्यास लागणारी माहिती मिळवावी, किंवा तो पुढील सभेसाठी ठेवावा.

सभेत रिकाम्या जागा भरताना

आमच्या कार्यकारिणीत 15 सदस्य होते आणि गणपूर्ती 8 ची होती. सभेची वेळ दुपारी 4 ची होती, पण तेव्हा सातच जण उपस्थित होते. आठवे सदस्य 4 वाजून 20 मिनिटांनी आले आणि कामकाज सुरू झाले. आराखड्यात या वेळेसाठी रेघ होती, म्हणूनच ती नोंदली गेली. पुढे आणखी तीन सदस्य आले. हजेरीपत्रकावर एकूण 11 सह्या झाल्या.

सह्यांच्या विषयाबाबत ‘कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने’ असे ठरेल, अशी माझी समजूत होती. परंतु एका ज्येष्ठ सभासदांनी मुद्दा मांडला की, पैशांचा हिशेब कोषाध्यक्ष ठेवतात, तेव्हा त्यांच्या सहीवाचून धनादेश निघू नये. सभेस ते पटले. रिकाम्या जागेत मी लिहिले : ‘कोषाध्यक्ष आणि त्यांच्यासह अध्यक्ष वा कार्यवाह यांपैकी एक’. ती जागा मी माझ्या समजुतीने आधीच भरली असती, तर सभेने बदललेला निर्णय इतिवृत्तात जुन्याच रूपात राहिला असता. पुढील विषयाकडे वळण्यापूर्वी मी ठराव मोठ्याने वाचून दाखविला. याला अर्धा मिनिट लागतो, पण शब्दांविषयीचा वाद निर्णय ताजा असतानाच मिटतो.

पुढचा विषय नमुने तपासणीसाठी सभासद औषधनिर्मात्यांकडून वर्गणी घेण्याचा होता. तत्पूर्वी एक सदस्य बाहेरगावी जावयाचे असल्यामुळे निघून गेले. मतदानाच्या वेळी 10 जण होते : 7 अनुकूल, 2 प्रतिकूल, 1 तटस्थ. हजेरी 11 ची आणि मते 10, हा फरक पुढे कोणाच्याही नजरेस येईल, म्हणून सदस्य गेल्याची नोंद त्या विषयाच्या आरंभी केली. लहान निर्मात्यांवर भार पडेल, हे विरोधाचे कारण एका वाक्यात लिहिले. कोण काय बोलले याचे सविस्तर वर्णन केले नाही. इतिवृत्तात निर्णय, त्याचे कारण, करणारी व्यक्ती आणि मुदत आली म्हणजे पुरे. संवाद लिहीत गेले, तर निर्णय त्यातच हरवतो.

ऐनवेळच्या विषयांसाठी आराखड्यात एक कोरे पान असावे. तथापि, ज्या विषयास घटनेप्रमाणे पूर्वसूचना लागते, तो या सदरात निर्णयासाठी घेऊ नये. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत तो घ्यावा, एवढेच नोंदवावे.

त्याच रात्री

सभा सायंकाळी 6 ला संपली. रात्री जेवणानंतर मी आराखडा समोर घेतला आणि पाऊण तासात इतिवृत्त पूर्ण झाले, कारण लिहावयाचे फार थोडे उरले होते. या कामाचा क्रम असा ठेवावा : आधी प्रत्येक रेघ भरली आहे की नाही ते पाहावे. मग सूचक व अनुमोदक यांची नावे हजेरीपत्रकाशी ताडून पाहावीत. अनुपस्थित सभासद सूचक म्हणून नोंदले जाणे ही नेहमी होणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे सबंध इतिवृत्तावरील विश्वास उडतो. त्यानंतर ‘सर्वानुमते’ हा शब्द जेथे जेथे आला असेल, तेथे खरोखर कोणी विरोध केला नव्हता ना, हे टिपणांवरून तपासावे. आराखड्यातील न झालेल्या गोष्टी काढून टाकाव्यात. चर्चेस न आलेल्या विषयाखाली ‘वेळेअभावी विषय पुढील सभेकडे सोपविण्यात आला’ असे लिहावे, तो विषय नुसता गाळू नये.

दुसऱ्या दिवशी हे इतिवृत्त अध्यक्षांना वाचावयास दिले आणि त्यांच्या संमतीनंतर वहीत उतरविले. संगणकावरील प्रत वहीत चिकटवावयाची असल्यास प्रत्येक पानावर क्रमांक व सही असावी, आणि सही व शिक्का कागद आणि वही या दोहोंवर येतील असे पाहावे. आराखडा व टिपणे इतिवृत्त कायम होईपर्यंत जपून ठेवावीत.

पुढील सभेत इतिवृत्त कायम करणे म्हणजे निर्णयास पुन्हा मंजुरी देणे नव्हे. नोंद बरोबर आहे, एवढेच ती सभा सांगते. सभेने ठराव संमत केला तेव्हाच तो अमलात येतो. म्हणून बँकेस द्यावयाच्या नकलेसाठी मला पुढील सभेची वाट पाहावी लागली नाही. वाचनात चूक आढळलीच, तर वहीत खाडाखोड न करता ती दुरुस्ती नव्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावी.

अध्यक्ष व कार्यवाह यांच्या सहीची नक्कल मी चौथ्या दिवशी बँकेत दिली, आणि या वेळी बँकेने एकही प्रश्न विचारला नाही. नमुन्यांच्या शुल्काचा धनादेश त्याच आठवड्यात निघाला. बदलाचा अहवालही मुदतीत सादर झाला, मात्र त्यास जोडलेले जुलैचे इतिवृत्त माझ्या त्या चिठ्ठीवरूनच लिहिलेले होते. निवड झालेल्या सभासदांचे नाव, सूचक व अनुमोदक एवढे तरी त्या चिठ्ठीवर उतरले होते, म्हणून ते चालले.