फ्लॅट कोणाच्या नावावर, कर्ज कोणाच्या गळ्यात

घटस्फोटाच्या वाटाघाटीत आकडे बोलले जातात ते बाजारभावाचे. फ्लॅट एक कोटी वीस लाखांचा, गाडी सहा लाखांची, सोनं इतके तोळे. हे आकडे वहीच्या एका पानावर मांडून दोन भाग केले की वाटणी झाली, असं दोन्हीकडच्या नातेवाइकांना वाटतं. पण वेगळं झाल्यावर ज्याला किंवा जिला महिन्याचा खर्च चालवायचा असतो, त्या माणसासाठी या पानाचा फारसा उपयोग नसतो. प्रत्येक मालमत्तेपुढे आणखी तीन गोष्टी लिहाव्या लागतात : ती कागदावर कोणाची आहे, ती विकायला कोणाची सही लागते, आणि कर्ज व कर वजा जाता हातात किती पडतं.

पहिली गोष्ट आधी, कारण तिथेच मोठा गैरसमज आहे. लग्नानंतर कमावलेलं सगळं आपोआप अर्धंअर्धं होतं, असा कायदा महाराष्ट्रात नाही. हिंदू विवाह कायद्याखाली पोटगी मिळते, लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंबद्दल न्यायालय आदेश देऊ शकतं, पण फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो त्याचाच राहतो. गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. बाकी ठिकाणी कागदावरचं नाव निर्णायक ठरतं. स्त्रीधन मात्र बाईचंच. ते सासरच्या कपाटात वा नवऱ्याच्या लॉकरमध्ये असलं तरी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच स्पष्ट केलं आहे. दागिन्यांची यादी, लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या मात्र वेळीच गोळा करायला हव्यात.

घरातले व्यवहार दुसऱ्याने पाहिले असतील, तर आपल्या नावावर काय आहे हेच अनेकींना माहीत नसतं. ते कोणाला न विचारता शोधता येतं. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या पॅनने लॉगिन केलं की वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडतं. त्यात व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार दिसतात. कधी काढली ते आठवतही नाही अशा ठेवीचं व्याज तिथे सापडतं आणि बँकेचं नाव कळतं. म्युच्युअल फंडांसाठी पॅनवरून मिळणारं एकत्रित विवरण मागवावं. तिसरा कागद सर्वात महत्त्वाचा : क्रेडिट रिपोर्ट. प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपण कोणत्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार आहोत, हे त्यात दिसतं. नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जावर दहा वर्षांपूर्वी केलेली सही बायको विसरलेली असते, बँक विसरत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण गुंता नेहमीचाच आहे. ठाण्यात राहणारी 42 वर्षांची बाई, हातात येणारा पगार 68 हजार, मुलगी 12 वर्षांची. दोघांच्या नावावर फ्लॅट आहे. तो घेतला 60 लाखांना, आज किंमत एक कोटी वीस लाख. कर्ज 36 लाख शिल्लक, अजून बारा वर्षं बाकी. तडजोड अशी ठरते आहे की फ्लॅट तिने घ्यावा, कर्जही तिनेच फेडावं, आणि पोटगीवरचा हक्क सोडावा. मुलीसाठी नवरा महिना 15 हजार देईल. माहेरचे म्हणतात, घर हातचं सोडू नकोस, 84 लाखांचं धन आहे ते.

84 लाख खरेच आहेत, पण भिंतींमध्ये. साडेआठ टक्के व्याजाने 36 लाखांचा बारा वर्षांचा हप्ता जवळपास 40 हजार रुपये येतो. सोसायटीचा खर्च साडेचार हजार. पगारातून उरतात साडेतेवीस हजार, आणि त्यात दोघींचं खाणंपिणं, शाळा, औषधं, प्रवास सगळं बसवायचं. म्हणजे मुलीसाठी येणाऱ्या 15 हजारांवर घर चालणार. ते पैसे दोन महिने आले नाहीत तर हप्ता थकणार.

बँकेचीही बाजू आहे. बँकेसाठी न्यायालयातली तडजोड बंधनकारक नसते, कारण ती त्यात पक्षकार नसते. ‘कर्ज पत्नी फेडेल’ असं संमतीपत्रात लिहिलं तरी कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणून जबाबदार दोघंही. नवऱ्याचं नाव काढून कर्ज एकटीच्या नावावर करायचं तर बँक तिची मिळकत पुन्हा तपासते. पगाराच्या जवळपास साठ टक्के जाणारा हप्ता बघून बहुतेक बँका नकार देतील. मग ती मालक आणि तो कर्जदार, अशी त्रिशंकू अवस्था वर्षानुवर्षं राहते. तिचा एक हप्ता चुकला की त्याचा क्रेडिट स्कोअर पडतो, आणि भांडण पुन्हा सुरू.

माझं मत विचाराल तर या बाईने फ्लॅट घ्यावा, पण राहण्यासाठी नव्हे, विकण्यासाठी. आणि नवऱ्याचा हिस्सा आपल्या नावावर करून घेण्याचं काम हुकूमनाम्याच्या आधी उरकावं. यामागे कराचं कारण आहे. पती-पत्नी असेपर्यंत एकाने दुसऱ्याला दिलेली मालमत्ता घेणाऱ्याच्या हातात करमुक्त असते, कारण कायद्याच्या भाषेत ते ‘नातेवाईक’ आहेत. घटस्फोटानंतर हे नातं संपतं. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवऱ्याने बायकोला केलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागतं, नोंदणीचे व इतर आकार वेगळे. नातं संपल्यावर ही सवलतही संपते. बक्षीसपत्रात पैशाचा मोबदला आला तर ते बक्षीस राहत नाही, म्हणून मसुदा आणि संमतीपत्रातली वाक्यं वकिलाकडूनच घ्यावीत. घर गहाण असल्याने बँकेचं ना हरकत पत्र लागतंच. परस्परसंमतीच्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांची मुदत असते. न्यायालय ती माफ करू शकतं, पण ती असेल तर याच कामांसाठी वापरावी.

हिस्सा आधी घ्यायचा आणि मग विकायचं, असं का? दोघांनी मिळून विकला तर अर्धा नफा नवऱ्याच्या नावावर लागेल. त्याचा वाटा सुमारे तीस लाख, त्यावर साडेबारा टक्के दराने पावणेचार लाखांच्या आसपास कर, आणि तो कर शेवटी वाटाघाटीतून कापला जाणार. पूर्ण फ्लॅट तिचा असेल तर सगळा नफा तिचा, आणि ती दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेणार असेल तर नफ्याइतकी रक्कम त्यात गुंतवून कर वाचतो. नवऱ्याची मूळ खरेदी किंमत तिच्याकडे तशीच येते, म्हणून जुना खरेदीखताचा दस्त आणि इंडेक्स टू जपून ठेवायचे.

हिशेब असा बसतो. एक कोटी वीस लाखांतून दलाली आणि 36 लाखांचं कर्ज गेलं की साधारण साडेब्याऐंशी लाख उरतात. ती थोडं लांब, समजा कल्याणला, 58 लाखांचं छोटं घर घेते. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सहा टक्के शुल्क, नोंदणी आणि दलाली धरून घर साडेबासष्ट लाखांच्या आत पडतं. नफ्यापेक्षा ही रक्कम जास्त आहे, त्यामुळे कर नाही. हातात उरतात वीस लाख, आणि डोक्यावर हप्ता नाही.

गुंतवणुकीचा विचार इथून पुढे. याच वेळी ‘ओळखीचे’ विमा एजंट आणि बँकेतले रिलेशनशिप मॅनेजर येतात, कारण खात्यात मोठी रक्कम दिसते. पहिले तीन-चार महिने कशावरही सही करू नये. पैसे साध्या मुदत ठेवींत ठेवावेत, तेही एका बँकेत नव्हे. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे. 2019 साली पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतल्या कितीतरी ठेवीदारांना स्वतःचेच पैसे हवे तेव्हा काढता येत नव्हते.

त्यानंतर वाटप. घरखर्च महिना 50 हजार धरला तर सहा महिन्यांचे तीन लाख बचत खात्यात आणि लगेच मोडता येणाऱ्या ठेवीत. मुलीचं कॉलेज पाच-सहा वर्षांवर आहे, त्यासाठी आठ लाख. हे पैसे शेअर बाजारात नकोत. कॉलेजच्या वर्षी बाजार पडला तर थांबायला वेळ नसतो. उरलेले नऊ लाख तिच्या निवृत्तीचे. अजून सोळा-अठरा वर्षं आहेत, म्हणून ते निर्देशांक फंडात, पण वर्ष-दीड वर्षात थोडेथोडे. पगारातून दरमहा 15 हजारांची एसआयपी सोळा वर्षं चालली, तर सात टक्के परताव्याने सुमारे 53 लाख आणि दहा टक्क्यांनी सुमारे 70 लाख होतात. योजना सात टक्क्यांवर बांधावी. मुलीचे 15 हजार हिशेबात धरलेच नाहीत, हे लक्षात आलं असेल. ते आले तर तिच्याच नावे वेगळ्या खात्यात साठवायचे.

एकरकमी पोटगी की दरमहा, हा प्रश्न तडजोडीत येतो तेव्हा कराची बाजू पाहावी. 1983 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका निकालात एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम मानून तिच्यावर कर नाही म्हटलं, आणि दरमहा मिळणारी रक्कम मात्र उत्पन्न धरली. दरमहाच्या रकमेला देणाऱ्याच्या नोकरीची आणि इच्छेची भीतीही जोडलेली असते.

आरोग्य विम्याकडे लोकांचं लक्ष जातं ते दवाखान्यात गेल्यावर. नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यातून घटस्फोटानंतर बायकोचं नाव निघतं. हुकूमनामा होण्याआधीच स्वतःची पॉलिसी घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो आणि तो पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजला जातो. कौटुंबिक फ्लोटर असेल तर जमलेला प्रतीक्षा काळ नव्या पॉलिसीत कसा धरला जाईल, हे लेखी विचारावं.

आणि नामनिर्देशन. घटस्फोट झाला म्हणून बँकेतलं, विम्यातलं किंवा भविष्य निर्वाह निधीतलं जुनं नाव आपोआप पुसलं जात नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारणारा, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली पुन्हा सांगितलं. तरी पैसे आधी त्याच्याच हातात जातात, आणि परत मिळवायला म्हाताऱ्या आईवडिलांना कोर्टात जावं लागतं. जुन्या मृत्युपत्रात पूर्वीच्या जोडीदाराचं नाव असेल तर नवं करावं. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेल्या विमा पॉलिसीत मात्र लाभार्थी बदलता येत नाही. नवऱ्याने अशी पॉलिसी बायकोच्या नावे काढली असेल, तर घटस्फोटानंतरही ते पैसे तिचेच. तिच्या यादीत ती पॉलिसीही लिहिलेली असावी, पॉलिसी क्रमांकासकट.