क्रॉलरला कोणती पाने बंद करावीत?

सर्च इंजिनचा क्रॉलर ब्लॉगवर आला की आधी robots.txt ही साधी मजकूर-फाइल वाचतो. कोणत्या पत्त्यांवर जायचे नाही, ते तिच्यात लिहिलेले असते. ही पद्धत १९९४पासून चालत आली असून २०२२ मध्ये तिला ‘आरएफसी ९३०९’ या नावाने मानकाचे रूप मिळाले.

ब्लॉगवर लेखांखेरीज याद्यांचीही बरीच पाने आपोआप तयार होतात. एका लेखाला चार लेबले लावली, तर तो चार याद्यांमध्ये पुन्हा दिसतो. अशा पानांवर नवे काही नसल्याने क्रॉलरने ती वगळली तरी बिघडत नाही. गूगलच्या ‘ब्लॉगर’वर म्हणूनच मुळातच असा नियम असतो:

```
User-agent: *
Disallow: /search
Allow: /
```

पहिली ओळ सर्व क्रॉलरना उद्देशून आहे. दुसरीमुळे `/search` ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता बंद होतो. ब्लॉगरवर लेबलांच्या याद्या `/search/label/` खाली असल्याने त्याही त्यात येतात.

नियम पत्त्याच्या सुरुवातीशी जुळवला जातो आणि घोटाळा नेमका इथेच होतो. समजा, जून २०२४ची मासिक यादी `/2024/06/` या पत्त्यावर आहे. अशा याद्या बंद करायच्या म्हणून ब्लॉगचालकाने `Disallow: /20` लिहिले. पण त्या महिन्यातला लेखही `/2024/06/aamras.html` असा, त्याच सुरुवातीचा असतो. परिणामी याद्यांबरोबर सगळे लेखही बंद होतात. ब्लॉग वाचकाला नेहमीसारखाच दिसत राहतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. त्यावर उपाय म्हणून सोबत `Allow: /*.html` लिहावे लागते. दोन नियम एकाच पत्त्याला लागू पडले, तर गूगल अधिक लांबीचा नियम मानतो. त्यामुळे याद्या बंद राहून लेख खुले होतात. बदलानंतर ‘सर्च कन्सोल’मध्ये एका लेखाचा आणि एका यादीचा पत्ता तपासला की खात्री होते.

दुसरी चूक म्हणजे ही फाइल पान लपवते असे समजणे. ती क्रॉलरला वाचण्यापासून अडवते, एवढेच. बंद पानाकडे इतर संकेतस्थळांवरून दुवे असतील, तर त्याचा पत्ता वर्णनाविना निकालांत येऊ शकतो. पान निकालांत नकोच असेल, तर त्यावर `noindex` ही सूचना द्यावी आणि पान क्रॉलरसाठी खुले ठेवावे, कारण बंद पानावरची सूचना त्याला वाचताच येत नाही. खाजगी मजकुराला मात्र पासवर्डच हवा. ही फाइल कोणालाही उघडून पाहता येते आणि तिचे नियम पाळणे क्रॉलरच्या मर्जीवर असते.

चूक सुधारली तरी परिणाम लगेच दिसत नाही. गूगल फाइलची साठवलेली प्रत साधारण २४ तासांपर्यंत वापरतो आणि त्यानंतर पाने पुन्हा वाचून होईपर्यंत आणखी वेळ जातो.