पंचेचाळीस मिनिटांचा व्यायाम आणि विश्रांतीचा हिशोब

पांढुर्णा काय किंवा सौंसर काय, आपल्याकडच्या जिममध्ये संध्याकाळी सात वाजता गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. एक बेंच, तिच्याभोवती चार पोरं, आणि त्यातली तीन मोबाइलवर. एकाचा सेट होतो, बाकीचे गप्पा मारतात. दीड तास जिममध्ये काढून प्रत्यक्ष वजन उचललेलं असतं जेमतेम पंधरा मिनिटं. विद्यार्थ्यांना हे परवडतं. पण ज्याला नऊ वाजता दुकानाचं शटर उघडायचं आहे, संत्र्याच्या बागेत मजूर यायच्या आधी पोहोचायचं आहे, किंवा माझ्यासारखं गावात बसून पुण्याच्या ऑफिसची मीटिंग लॅपटॉपवर धरायची आहे, त्याच्या हातात पंचेचाळीस मिनिटंच असतात. तेवढ्यात स्नायू वाढवण्याचा व्यायाम, ज्याला हायपरट्रॉफी म्हणतात, नीट बसतो का? बसतो. पण त्यासाठी विश्रांतीचा हिशोब समजून घ्यावा लागतो.

वेळ कमी असला की पहिला विचार येतो तो विश्रांती कापण्याचा. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं थांबत होतो, आता तीस सेकंद थांबू. यात एक अडचण आहे. न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजमधले ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला दोन सेटमध्ये एक मिनिट विश्रांती, दुसऱ्याला तीन मिनिटं, बाकी व्यायाम सारखाच. ताकद तीन मिनिटवाल्यांची जास्त वाढली आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही त्यांचीच जास्त भरली. कारण सरळ आहे. स्नायू पुरता सावरला नसताना पुढचा सेट घेतला की बाराऐवजी सातच रेप्स निघतात. प्रत्येक सेटमध्ये काम कमी झालं की आठवड्याचं एकूण कामही कमी होतं, आणि स्नायूची वाढ बऱ्याच अंशी त्या एकूण कामावर अवलंबून असते.

मग वेळ वाचणार कुठून? इथे सुपरसेट कामी येतो. छातीचा सेट झाल्यावर छातीला दोन मिनिटं विश्रांती हवी आहे, तुम्हाला नको आहे. त्या दोन मिनिटांत पाठीचा सेट घेता येतो. छाती ढकलते, पाठ ओढते. एक काम करत असताना दुसरी मोकळी असते. म्हणजे घड्याळातली विश्रांती कमी होते, पण स्नायूची विश्रांती तेवढीच राहते.

ही कल्पना आपल्या तालमीला नवी नाही. जोर आणि बैठका आलटून पालटून काढायची रीत जुनीच आहे. जोरांनी छाती-खांदे भरून आले की बैठका, मांड्या पेटल्या की परत जोर. सुपरसेट हा शब्द पैलवानांनी ऐकला नव्हता, एवढंच.

आता आकडे मांडू. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना त्याशिवाय चैन पडत नाही. एक सेट साधारण ४० सेकंदांचा धरा. छातीचा सेट ४० सेकंद, मग जागा बदलायला २० सेकंद, पाठीचा सेट ४० सेकंद, आणि मग ७० सेकंद थांबायचं. एक फेरी १७० सेकंदांची. पण छातीच्या बाजूने बघा: तिचा सेट संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत २० अधिक ४० अधिक ७०, म्हणजे १३० सेकंद गेले. तुम्ही थांबलात सत्तर सेकंद आणि छातीला मिळाली दोन मिनिटांहून जास्त विश्रांती. तीन फेऱ्या म्हणजे सहा सेट सव्वासात मिनिटांच्या आसपास संपतात. हेच सहा सेट दोन-दोन मिनिटं थांबून एकामागून एक केले तर बारा मिनिटं लागतात, शिवाय दोन वेळा वेगळी मांडामांड.

पूर्ण दिवस असा बसतो. पहिली सहा मिनिटं अंग गरम करायला. मग स्क्वॅट, आणि तो एकटाच, जोडीशिवाय. हलके दोन सेट, मग खरे तीन, मध्ये पूर्ण दोन मिनिटं थांबून. याला दहा मिनिटं द्या. त्यानंतर तीन जोड्या, प्रत्येकीच्या तीन फेऱ्या: छाती आणि पाठ, मांडीची मागची बाजू आणि खांदे, दंडाची पुढची आणि मागची बाजू. तिन्ही मिळून बावीस मिनिटं, आणि जोडी बदलताना वजनं लावायला दोन-दोन मिनिटं. झाली चव्वेचाळीस मिनिटं, एकवीस सेट. जोड्या न लावता हेच केलं तर तास उलटून जातो. एक दिवसाआड असे आठवड्यातून तीन दिवस आले की प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला नऊ सेट मिळतात, आणि छाती-पाठीच्या व्यायामात हातही राबतातच. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्याला एवढं पुष्कळ आहे.

स्क्वॅट एकटा का ठेवायचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. जड स्क्वॅटनंतर मांड्यांच्या आधी छातीचा भाता हार मानतो. तशा अवस्थेत दुसरा व्यायाम लावला की तो दमामुळे थांबतो, स्नायू थकल्यामुळे नाही. स्नायूला तर पुरेसं काम पडलेलंच नसतं.

छोट्या जिमची खरी अडचण वेगळीच असते. गर्दीच्या वेळी दोन मशीन अडवून ठेवली तर लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून जोडी अशी निवडावी की दोन्ही व्यायाम एकाच जागी व्हावेत. माझी आवडती जोडी सांगतो. बेंचची पाठ तीस अंशांच्या आसपास उचला. उताणं पडून दोन डंबेल वर ढकला, म्हणजे इनक्लाइन प्रेस. सेट झाला की उठा, त्याच बेंचवर पालथं पडा, छाती टेकवा आणि तीच डंबेल्स कोपर मागे नेत ओढा, म्हणजे रो. बेंच तीच, डंबेल्स तीच, जागा सोडावीच लागत नाही. छाती टेकलेली असल्यामुळे स्क्वॅटने थकलेल्या कमरेवर भारही येत नाही. मांडीच्या मागच्या बाजूसाठी लेग कर्लचं मशीन असेल तर डंबेल्सची जोडी शेजारी ठेवून तिथेच उभं राहून खांद्याचा प्रेस करता येतो.

सौंसरला माझा मावसभाऊ कृषी केंद्र चालवतो. वय एक्केचाळीस. त्याने हा प्रकार सुरू केला तेव्हा तिसऱ्याच दिवशी फोन आला, "बावा, हे पटापट करूनशान तं निसता दम लागून राह्यला. छातीले काहीच समजून नाही राह्यलं." मी त्याला वही वाचायला सांगितली. पंधरा किलोच्या डंबेल्सने इनक्लाइन प्रेस: पहिल्या फेरीत १२ रेप्स, दुसरीत ८, तिसरीत ६. रोचेही तसेच घसरलेले. विचारल्यावर कळलं की तो फेरी संपल्यावर वीस-पंचवीस सेकंदच थांबत होता. सुपरसेट म्हणजे थांबायचंच नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"दादा, वजन तेच ठेव, फक्त फेरीनंतर पंच्याहत्तर सेकंद थांब. मोबाइलवर टायमर लाव, अंदाजाने नको," असं मी म्हटलं. पुढच्या वेळी वहीत आलं १२, ११, १०. सगळं मिळून सव्वीस रेप्सच्या जागी तेहेतीस, आणि वेळ वाढला तो अवघ्या पावणेदोन मिनिटांनी. त्यानंतर त्याचा नियम साधा ठेवला: तिन्ही फेऱ्यांत बारा निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. वाढवल्यावर रेप्स नऊ-आठवर येतात, मग पुन्हा बारापर्यंत चढायचं. दोन महिन्यांनी तो साडेसतरा किलोवर अकरा काढत होता. मध्ये पोळा आला आणि गोटमारीचा आठवडा पाहुण्यांत गेला, तेव्हा तीनऐवजी एकच दिवस झाला. त्याने आकड्यांत फार फरक पडला नाही.

वहीवरून बाकीच्या चुकाही अशाच कळतात. जोडीतला पहिला व्यायाम नीट चालतो आणि दुसराच प्रत्येक फेरीत ढासळतो, तर त्या दोघांत काहीतरी सामाईक थकतं आहे. बहुतेक वेळा ती मूठ असते किंवा कंबर. डेडलिफ्टसोबत लॅट पुलडाऊन लावला की पाठ थकायच्या आधी बोटं सुटतात. स्क्वॅटसोबत वाकून ओढायचा बारबेल रो लावला की कंबर आधी बोलते. अशा वेळी विश्रांती वाढवून उपयोग नाही, जोडी मोडावी. छातीच्या प्रेसनंतर लगेच छातीचाच फ्लाय, अशी एकाच स्नायूची जोडी पोरांना फार आवडते कारण छाती टरारून फुगते. ते फुगणं तासाभरात उतरतं, आणि दुसऱ्या व्यायामाचं वजन मात्र बरंच खाली आणावं लागतं. वेळ वाचवायला ती जोडी फारशी कामाची नाही.

सेट कुठे थांबवायचा, हाही प्रश्न येतो. आणखी एक किंवा दोन रेप्स जेमतेम निघाल्या असत्या, तिथे थांबावं. वजन सावकाश वर जायला लागलं की समजा ती जागा आली. आठव्या रेपला सहज गप्पा मारता येत असतील, तर कितीही नेमके टायमर लावा, स्नायूला वाढायचं काही कारणच मिळत नाही.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. ज्याला जास्तीत जास्त वजन एकदा उचलायची ताकद हवी आहे, त्याने तीन ते पाच मिनिटं थांबून जुन्या पद्धतीनेच करावं. नव्याने जिमला जाणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने प्रत्येक व्यायाम सुटा शिकावा; दम लागलेला असताना शिकलेली चुकीची ठेवण नंतर सुटत नाही. ब्लड प्रेशरचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुपरसेट करू नयेत, आणि वजन ढकलताना श्वास कोंडून धरू नये.

राहिला आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, संध्याकाळी सातलाही पत्र्याचा हॉल तापलेला असतो आणि लाइट गेली की पंखेही बंद. तेव्हा सत्तर सेकंदांत दम खाली बसत नाही. त्या दोन महिन्यांत फेरीनंतर नव्वद ते शंभर सेकंद थांबावं आणि दंडाच्या जोडीची एक फेरी कमी करावी, म्हणजे वेळ तोच राहतो. जमलं तर सकाळी सहाला जावं; तेव्हा बेंचही रिकामी असते.