तीन नंबरचा बावटा आणि खाडीचं तोंड

बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की लहान होड्या पाण्यात उतरत नाहीत. त्याचा अर्थ, वादळी वारा ताशी 40 ते 50 किलोमीटरच्या घरात जाणार.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. खरी परीक्षा ऑगस्टात लागते. पाऊस संपलेला नसतो आणि दोन महिने कमाई नसल्यामुळे घरात पैशांची चणचण असते. हवामान खात्याचा इशारा मात्र ‘दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा’ अशा लांबलचक पट्ट्यासाठी येतो. आपल्या खाडीपुरता त्याचा अर्थ तांडेलालाच लावावा लागतो.

तो वाऱ्याइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहतो. समजा, पहाटे चारला पूर्ण भरती आहे. तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी खोल असतं, होडी अलगद बाहेर पडते. पण दहाच्या सुमारास परतताना ओहोटी संपत आलेली असते. मधल्या वाळूच्या दांड्यावर पाणी उथळ होतं, आणि बाहेर ओढणाऱ्या पाण्यावर समुद्राची लाट आदळून उभी राहते, फुटते. होडी आडवी झाली की उलटलीच. उधाणाच्या दिवसांत ही ओढ अधिक जोरदार असते.

म्हणून उंच लाटांचा इशारा असेल, तर वारा पडलेला दिसला तरी जाणता तांडेल थांबतो. दूरच्या वादळाच्या लाटा वाऱ्याशिवायही येतात. दांड्यावर पांढरा फेस सलग दिसू लागला, की त्या दिवशी जाळी किनाऱ्यावरच राहतात.